तोफ आणि तिची सावली

किल्ल्यावर चित्रीकरण करायचे आणि संगणकात घडवलेली तोफ किंवा हत्ती त्यात बसवायचा, हे काम आता नांदेड-लातूरकडची लहान मंडळीही करू लागली आहेत. 'ग्राफिक्स खोटं वाटतं' एवढे बोलून प्रेक्षक मोकळा होतो. माझ्या मते दोष बहुधा घडवलेल्या वस्तूत नसतो; तो चित्रीकरणाच्या जागी न घेतलेल्या मोजमापांत असतो.

कंधारच्या किल्ल्यावर डिसेंबरात चित्रित झालेला एक लघुपट नांदेडला पाहिला. तोफेवरचे नक्षीकाम आणि गंज अप्रतिम. पण कॅमेरा सरकू लागला की तोफ फरशीवरून किंचित घसरते. कारण दिग्दर्शकाशी बोलताना कळले. भिंग २४ मिलिमीटरचे आणि कॅमेऱ्याच्या सेन्सरची रुंदी २३.५ मिलिमीटर; म्हणजे दृश्याचा आडवा कोन सुमारे ५२ अंश. संगणकात मात्र सेन्सरची रुंदी आधीपासून असलेली ३६ मिलिमीटरच राहिली, आणि आभासी कॅमेरा सुमारे ७४ अंश पाहू लागला. एकच भिंग, पण दोन डोळे! अशा वेळी दगडाची भेग आणि तोफेचे चाक एकत्र हलत नाहीत. ओळखायची खूण तीच.

सावलीची चूक वेगळी. चित्र थांबवून पाहिले. सपाट फरशीवर तोफेशेजारी उभ्या असलेल्या शिपायाची सावली बाजूला पडते, ती जवळपास त्याच्या उंचीएवढी. हे योग्यच आहे. डिसेंबरच्या उत्तरार्धात कंधारला ऐन माध्यान्हीही सूर्य ४८ अंशांच्या आसपासच चढतो, म्हणजे मीटरभर काठीची सावली ९० सेंटिमीटर. तोफेची सावली मात्र तिच्या उंचीच्या निम्मी; म्हणजे संगणकातला सूर्य ६३ अंशांवर! जागेवर एक काठी उभी करून तिची सावली मोजली असती, तर भागले असते. (जूनमध्ये तर आपल्याकडे माध्यान्हीची सावली दक्षिणेला पडते, हेही लक्षात ठेवावे.)

नुसता सूर्य पुरत नाही, भोवतालचा उजेडही लागतो. चकचकीत गोळा जागेवर ठेवून, कमी-जास्त एक्सपोजरने त्याची छायाचित्रे घ्यायची आणि त्यांतून प्रकाशाचा नकाशा करून वस्तू उजळायची, ही रीत पॉल डेबेवेक यांनी १९९८ मध्ये मांडली. सूर्य इतका प्रखर असतो की बऱ्याच छायाचित्रांत तो नुसता पांढरा ठिपका होतो. मग त्याच्यासाठी निराळा दिवा मांडावा लागतो. या लघुपटात बाजारातला तयार नकाशा वापरला असावा, कारण तोफेचे पोट खालून उजळलेले दिसते. पांढऱ्या वाळूवर ते शोभले असते. आपला काळा दगड उजेड परत देतो तो फार थोडा. पोट काळवंडायला हवे होते.

एक दृश्य मात्र जमले आहे. संध्याकाळ, दरवाजाची सावली, कॅमेरा तिवईवर स्थिर. तिथे सूर्यही नाही आणि सरकणेही नाही. ती तोफ मी दोनदा पाहिली आणि दोन्ही वेळा ती दगडावर टेकलेली होती.