‘मदत करते’ म्हणजे नेमके काय?

थंडी सुरू झाली की किराणा दुकानाच्या दर्शनी फळीवर च्यवनप्राशाच्या बरण्या येतात. अशा बरण्यांवरच्या ओळी आम्ही काही दिवस वाचत होतो. कोणा एका उत्पादकाला दोष द्यायचा नसल्याने त्यांवरून आम्हीच एक नमुना तयार केला आहे. लाल झाकणाच्या बरणीवर पावसात हसत उभ्या असलेल्या मुलाचे चित्र आहे. त्याच्याभोवती एक सोनेरी वर्तुळ आहे. खाली ओळ आहे : ‘रोगप्रतिकारशक्ती वाढवण्यास मदत करते’. त्याखाली ‘तिप्पट संरक्षण’ आणि कडेला ‘आयुर्वेदाचा हजारो वर्षांचा वारसा’.

या साऱ्या मजकुरात एकाही आजाराचे नाव नाही आणि ‘बरा करतो’ असे क्रियापदही नाही. तरीही ही बरणी घेणाऱ्या पालकांना विचारले, की ती कशासाठी घेतली, तर उत्तर येईल, ‘मुलाला सारखी सर्दी होते म्हणून.’ जी गोष्ट लिहिलेली नाही ती वाचली कशी गेली? या लेखाचा विषय तोच आहे.

आधी कायदा काय म्हणतो ते पाहू. आपल्या देशात ‘औषधे व जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम, 1954’ लागू आहे. त्यातील जाहिरातीची व्याख्या फार व्यापक आहे. लेबल, वेष्टन, पत्रक, तोंडी घोषणा, इतकेच काय, प्रकाश, ध्वनी किंवा धूर यांच्या साहाय्याने केलेली घोषणाही तिच्यात येते. म्हणजे बरणीवरची ओळही जाहिरातच. या अधिनियमाच्या कलम 3 प्रमाणे ठरावीक आजारांचे निदान, उपचार किंवा प्रतिबंध करते असे सांगून कोणत्याही औषधाची जाहिरात करता येत नाही. त्यासाठी सोबतच्या अनुसूचीत 54 नोंदी आहेत. मधुमेह, कर्करोग, मोतीबिंदू, उच्च रक्तदाब, लठ्ठपणा ही त्यांतली काही नावे. माणसाची उंची हीदेखील त्यात आहे, त्यामुळे ‘उंची वाढवा’ ही जाहिरातसुद्धा याच कलमात सापडते.

अनुसूची ही नावांची यादी आहे, आणि नावांच्या यादीतून निसटण्याचा सोपा मार्ग म्हणजे नाव न घेणे. ‘मधुमेह बरा करते’ हे लिहिता येत नाही, तर ‘निरोगी साखर-पातळीस साहाय्य’ असे लिहावे. ‘लठ्ठपणा घालवते’ याऐवजी ‘सुडौल जीवनशैलीची साथ’ म्हणावे. सर्दी तर त्या यादीत नाहीच. अशा ओळी लिहिणारा लेखक कायद्याचा चांगला वाचक असतो हे मान्य करायला हवे. परंतु त्याने वाचलेले कलम 3 आहे. पुढचे कलम 4 अधिक अवघड आहे. औषधाच्या खऱ्या स्वरूपाबद्दल प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्षपणे खोटा समज करून देणारी जाहिरात त्या कलमाने निषिद्ध ठरते. ‘अप्रत्यक्षपणे’ हा शब्द महत्त्वाचा. त्या शब्दामुळे केवळ छापलेल्या वाक्याची तपासणी पुरत नाही. त्या वाक्याने, चित्राने आणि रंगाने मिळून वाचणाऱ्याच्या मनात काय उभे केले, तेही तपासावे लागते.

उघड दावा आणि आडवळणाचा दावा यांतला फरक 2020 साली सर्व देशाने पाहिला. 23 जून 2020 रोजी हरिद्वार येथे पतंजलीने ‘कोरोनिल’ हे उत्पादन कोविडवरचे औषध म्हणून जाहीर केले. आयुष मंत्रालयाने त्याच दिवशी तपशील मागवून जाहिरात थांबवण्यास सांगितले. पुढे उत्तराखंडच्या परवाना अधिकाऱ्यांनी स्पष्ट केले, की दिलेल्या परवान्यात कोविडचा उल्लेख नव्हता. तो रोगप्रतिकारशक्ती वाढवणाऱ्या उत्पादनासाठी होता. म्हणजे आजाराचे नाव घेताच आक्षेप आला, आणि ‘प्रतिकारशक्ती’ हा शब्द परवान्यात आधीपासून निर्वेधपणे बसलेला होता. तो शब्द इतका सुरक्षित का आहे?

कारण त्याला मोजमाप नाही. रोगप्रतिकार ही रक्तदाबासारखी एका आकड्यात सांगता येणारी राशी नाही. जंतू गिळणाऱ्या पेशी, प्रतिपिंडे तयार करणाऱ्या पेशी, संसर्ग झालेल्या पेशी मारणाऱ्या पेशी, त्यांच्यात निरोप नेणारी रसायने, अशी ती अनेक घटकांची यंत्रणा आहे. त्यांतला एक घटक वाढला म्हणजे सर्व यंत्रणा सुधारली असे होत नाही. शिवाय ‘वाढ’ नेहमी हितकारक असते असेही नाही. परागकणांनी शिंका येणे हा याच यंत्रणेचा अतिरेक आहे आणि सांधेदुखीच्या काही आजारांत तीच यंत्रणा स्वतःच्या शरीरावर उलटलेली असते. तेव्हा ‘शक्ती वाढवते’ असे कोणी म्हटले, तर पहिला प्रश्न असा की, कोणत्या घटकाची?

आता ‘तिप्पट’ हा शब्द घ्या. समजा, प्रयोगशाळेत काचेच्या बशीत काही पेशी वाढवल्या, त्यांवर अवलेहाचा अर्क टाकला आणि एका विशिष्ट पेशीची क्रिया अर्क न टाकलेल्या बशीच्या तिप्पट आढळली. हा निष्कर्ष खरा असू शकतो. पण बशीतल्या अर्काने पचनाचा मार्ग ओलांडलेला नाही. मुलाने खाल्लेला चमचाभर अवलेह जठर, आतडे आणि यकृत यांतून जाऊन रक्तात किती पोचतो हे बशी सांगत नाही. आणि पोचला, तरी त्यामुळे वर्षाला होणाऱ्या सर्दीच्या खेपा कमी होतात का, हा आणखी वेगळा प्रश्न. पालकांना रस असतो तो या शेवटच्या प्रश्नात. बरणीवरचा आकडा असतो पहिल्या प्रश्नाचा. मधल्या दोन पायऱ्या वाचणाऱ्याने स्वतःच्या कल्पनेने भरल्या, म्हणून आकडा खरा असूनही समज खोटा झाला. हाच कलम 4 मधला ‘अप्रत्यक्ष’ समज.

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर मिळवायचे तर प्रयोग कसा करावा लागेल? मुलांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट करायचे. एका गटाला च्यवनप्राश द्यायचा, दुसऱ्याला तसाच दिसणारा व लागणारा, पण औषधी द्रव्ये नसलेला अवलेह. कोणाला काय मिळते ते मुलांना, पालकांना आणि नोंदी घेणाऱ्यांनाही कळू द्यायचे नाही. मग सहा महिने सर्दीच्या खेपा आणि आजारपणाचे दिवस मोजायचे. दुसरा गट नसेल तर काही सिद्ध होत नाही. सर्दी साधारण आठवड्याभरात आपोआप बरी होते आणि हिवाळा सरला की खेपाही कमी होतात. त्यामुळे ‘घेतले आणि गुण आला’ हा अनुभव प्रामाणिक असला, तरी औषधाचा गुण आणि ऋतूचा गुण त्यात वेगळे करता येत नाहीत. आणि ‘मदत करते’ हे क्रियापद नेमके येथे उपयोगी पडते. सर्दी झाली नाही तर मदत झाली, झाली तर मदत थोडी कमी पडली. कोणत्याही निकालाने खोटे न ठरणारे विधान खरे ठरण्यासही पात्र नसते.

‘परवाना आहे ना?’ असे येथे कोणी विचारील. परवान्याचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. मान्यताप्राप्त प्राचीन ग्रंथातील पाठानुसार केलेल्या औषधाला परवाना देताना त्याच ग्रंथोक्त उपयोगासाठी रुग्णांवरील चाचण्या मागितल्या जात नाहीत. ग्रंथाचा आधार पुरतो. च्यवनप्राशाचा पाठ चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात, रसायनाच्या प्रकरणात आहे आणि त्यात पाचशे आवळे घ्यायला सांगितले आहेत. तेव्हा ‘हजारो वर्षांचा वारसा’ हे वाक्य इतिहास म्हणून चुकीचे नाही. ते परिणामाचा पुरावा म्हणून वाचले गेले, की मात्र घोटाळा होतो. परंपरेत एखादी गोष्ट वापरली गेली, हे एक तथ्य. ती उपयोगी पडली, हे दुसरे. दुसऱ्याला वेगळा पुरावा लागतो, आणि तो मिळू शकतो. तो मिळेपर्यंत औषध निरुपयोगी आहे असेही म्हणता येत नाही.

बरणीवरच्या ठळक ओळीत जे येत नाही, तेही पाहण्यासारखे आहे. अवलेहात साखर पुष्कळ असते. समजा, एका उत्पादनात 100 ग्रॅममागे 50 ग्रॅम साखर आहे आणि मुलाने 12 ग्रॅमचा चमचा दिवसातून दोनदा घेतला. एकूण अवलेह 24 ग्रॅम, त्यात साखर 12 ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेने 2015 साली सुचवले, की वरून घातलेल्या साखरेपासून मिळणारी ऊर्जा शक्यतो एकूण ऊर्जेच्या 5 टक्क्यांखाली असावी. 2000 किलोकॅलरी घेणाऱ्या प्रौढाला ही मर्यादा सुमारे 25 ग्रॅम पडते, लहान मुलाला त्याहून कमी. म्हणजे दोन चमच्यांत जवळजवळ निम्मी मर्यादा संपली. मधुमेह असलेल्या आजोबांनी नातवाच्या बरणीतून ‘शक्तीसाठी’ चमचा घेतला, तर ही माहिती त्यांना सोनेरी वर्तुळापेक्षा अधिक गरजेची आहे.

मग कायद्यातही बसेल आणि वाचणाऱ्यालाही फसवणार नाही अशी ओळ लिहिता येते का? आम्ही प्रयत्न केला. ‘तिप्पट’ प्रथम गेले, कारण कशाच्या तिप्पट ते सांगायचे तर परिच्छेद लागतो. पावसातला मुलगा गेला, कारण तो न बोलता सर्दीचे नाव घेतो. ‘रोगप्रतिकारशक्ती’ गेली, कारण ती कोणत्या मापाने मोजली ते आमच्यापाशी नव्हते. उरले ते असे : ‘आवळा, तूप, मध, साखर व वनौषधी यांचा अवलेह. पाठ : चरकसंहिता. आयुर्वेदात रसायन म्हणून परंपरेने वापर. एका चमच्यात (12 ग्रॅम) 6 ग्रॅम साखर. मधुमेह असल्यास वैद्यांचा किंवा डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. आजारावरील उपचाराऐवजी घेऊ नये.’

यातले प्रत्येक वाक्य तपासता येते : ग्रंथ उघडून, वजन करून किंवा रासायनिक परीक्षण करून. शेवटच्या भागात मधुमेहाचे नाव आले आहे खरे, पण ते इशारा म्हणून; कलम 3 ला हरकत आहे ती उपचाराच्या दाव्याला. ओळ मात्र रुक्ष झाली आणि तिने बरण्या कमी खपतील हेही उघड आहे. विक्रेत्याची अडचण आम्हाला कळते. परंतु या नव्या ओळीने जितका खप कमी होईल, तितका खप जुन्या ओळीतल्या न लिहिलेल्या शब्दांमुळे होत होता, असाच त्याचा अर्थ होतो.

वर्गात हे करून पाहायचे असेल तर साहित्य फार लागत नाही. मुलांनी घरातल्या एका लेबलावरची ओळ वहीत उतरवावी. खाली तीन रकाने करावेत : ओळीत काय लिहिले आहे, ती वाचून आपल्याला काय वाटले, आणि ती खोटी ठरायची तर काय दिसावे लागेल. पहिल्या दोन रकान्यांत अंतर पडले तर ते मुलांना स्वतःच दिसेल. तिसरा रकाना कोरा राहिला, तर त्या ओळीने काहीच सांगितलेले नाही असे समजावे, मग ती कायद्यात कितीही चपखल बसत असो.