एका पायातले दोन प्रवाह

पावसाळा सरला की अलिबागजवळच्या आक्षीच्या किनाऱ्यावर सँडरलिंग दिसू लागतात. जेमतेम पन्नास-साठ ग्रॅम वजनाचा हा पांढुरका पक्षी ओसरत्या लाटेमागे धावतो, ओल्या वाळूत चोच खुपसून काहीबाही टिपतो आणि पुढची लाट आली की तिच्यापुढे पळत सुटतो. बघणाऱ्याची नजर त्या पळापळीतच गुंतून राहते. ती जरा खाली, पायांवर आणावी. काळे, काडीसारखे बारीक, पिसांचं आवरण नसलेले आणि मागचं बोटही नसलेले हे पाय उन्हाळ्यात थेट ध्रुवीय प्रदेशात असतात. तिथल्या टुंड्रावर हा पक्षी घरटं करतो, आणि ऐन विणीच्या दिवसांतही तिथे हिमवर्षाव होऊ शकतो. पक्ष्याच्या शरीराचं तापमान चाळीस अंशांच्या आसपास, आणि उघडे पाय बर्फाळ चिखलात. तरीही पाय गोठत नाहीत, आणि अंगातली ऊबही त्यांतून वाहून जात नाही.

ही किमया कळायची तर आधी पायाची बांधणी पाहावी लागते. पक्ष्याचा जो मागे वाकणारा गुडघा आपल्याला दिसतो, तो खरं तर घोटा असतो. गुडघा वर पिसांत दडलेला असतो. पाय हलवणारे मांसल स्नायू जवळजवळ सगळे वर, अंगाच्या उबेत ठेवलेले. खाली उरतात ती हाडं, खवल्यांची कातडी आणि दोऱ्यांसारख्या कंडरा. वरचा स्नायू आखडला की कंडरा ओढली जाते आणि बोटं मिटतात. थंडीत लुळं पडेल असं फारसं काही खाली ठेवलेलंच नाही.

आता घोट्याच्या जरा वरचा भाग पाहू. पाण्यात चालणाऱ्या अनेक पक्ष्यांत इथे मुख्य रोहिणी बारीक फांद्यांमध्ये विभागते आणि वर जाणाऱ्या नीला त्या फांद्यांच्या अवतीभवती गुंफलेल्या असतात. डेन्मार्कचे उफे मिटगार्ड यांनी 1981 साली वेगवेगळ्या पक्ष्यांच्या पायांतल्या या जाळीचा तौलनिक अभ्यास प्रसिद्ध केला. काही पक्ष्यांत ती दाट असते, काहींत रोहिणीला बिलगून चालणाऱ्या दोन-तीन नीलांवरच भागतं. रक्त कुठेही एकमेकांत मिसळत नाही. पातळ भिंतींमधून पलीकडे जाते ती फक्त उष्णता.

सगळं रहस्य प्रवाहांच्या दिशेत आहे. समजा, वरून येणारं रक्त 40 अंशांवर आहे आणि पावलातून परतणारं 5 अंशांवर. दोन्ही एकाच दिशेने शेजारी-शेजारी वाहिले असते, तर फार तर मध्यावर, साडेबावीस अंशांवर, दोघांचं तापमान सारखं झालं असतं आणि देवाणघेवाण तिथेच थांबली असती. पायात मात्र ते समोरासमोरून येतात. खाली उतरणारं रक्त जसजसं निवत जातं, तसतसं त्याच्या शेजारून जाणारं रक्त आणखी थंड असतं, कारण ते पावलातून नुकतंच निघालेलं असतं. वर चढणारं रक्त तापत जातं, पण त्याला शेजार मिळतो तो आणखी ऊन रक्ताचा, कारण ते नुकतंच धडातून आलेलं असतं. फरक लहान, पण वाटेत कुठेच संपत नाही. हा फरक सगळीकडे 3 अंशांचा धरला, तर रोहिणीतलं रक्त पावलात पोचतं तेव्हा 8 अंशांवर असतं आणि नीलेतलं धडात शिरतं तेव्हा 37 अंशांवर. जाळी नसती तर तेवढ्याच रक्ताने पावलात 35 अंशांची ऊब टाकली असती. आता ते 8 वरून 5 वर उतरतं, म्हणजे 3 अंशांचीच टाकतं. नुकसान दहाव्या हिश्श्यापेक्षाही कमी. आकडे समजण्यापुरते घेतले आहेत, पण हिशेबाची रीत हीच.

इथे एक गैरसमज सहज होतो. ही जाळी पाय ऊबदार ठेवते असं अनेकदा म्हटलं जातं. प्रत्यक्षात ती पाय थंड ठेवते, आणि मला या रचनेतली सर्वांत देखणी गोष्ट हीच वाटते. पाऊल जितकं भोवतालच्या पाण्याइतकं थंड, तितकी त्यातून निसटणारी उष्णता कमी. मग ते गोठत का नाही? ते काम रक्तवाहिन्यांच्या आकुंचन-प्रसरणाचं. पावलाचं तापमान गोठणबिंदूजवळ आलं की वाहिन्या थोड्या उघडतात, जास्त रक्त सोडलं जातं, आणि पाऊल त्या रेषेच्या किंचित वर राहतं. सस्तन प्राण्यांतही हेच दिसतं. ध्रुवीय कोल्हा आणि लांडगा यांचे पाय उणे 35 अंशांच्या द्रवात बुडवून केलेला प्रयोग 1972 साली ‘सायन्स’मध्ये छापून आला. पंजाचं तापमान उणे एक अंशाच्या आसपास टिकलं होतं. ऊती गोठण्याच्या अगदी काठावर, पण अलीकडे. याहून जास्त ऊब देणं म्हणजे उधळपट्टी, कमी देणं म्हणजे पंजा गमावणं.

इतक्या थंड पावलाला संवेदना तरी कशी राहते? 1953 साली हेरिंग गलच्या पायातली मज्जातंतू तपासला गेला. पिसांखालच्या, नेहमी उबेत असणाऱ्या त्याच्या भागातून दहा अंशांच्या थोडं वरच संदेश जाणं बंद पडलं. तोच तंतू खाली, उघड्या पायात मात्र शून्याच्या जवळपास पोचेपर्यंत काम करत राहिला. हिवाळ्यात आपल्या किनाऱ्यांवर येणारा ह्यूग्लिन्स गल हा याच कुरवाचा जवळचा नातेवाईक.

आता रायगडकडे वळू. जानेवारीच्या पहाटेही इथे गोठण्याची भीती नाही, तरी जाळी बेकार नसते. पाणी हवेच्या सुमारे पंचवीस पट वेगाने उष्णता वाहून नेतं, त्यामुळे पंचवीस अंशांचं कोमट समुद्रपाणीही चाळीस अंशांच्या रक्ताला महागच पडतं. दुपारी मात्र अडचण नेमकी उलटी होते. अंगात साठलेली उष्णता बाहेर टाकायची असते आणि पिसं ती अडवतात. तेव्हा पायातल्या वाहिन्या रुंदावतात, रक्ताचा ओघ वाढतो, आणि परतणारं बरंचसं रक्त जाळीला वळसा घालून कातडीलगतच्या नीलांमधून जातं. नॉर्वेच्या स्टीन आडनावाच्या दोन संशोधकांनी 1965 साली कुरव आणि राखी बगळा यांच्यावर हे मोजलं. थंडीत शरीरातल्या उष्णतेचा लहानसा अंश पायांवाटे जात होता, उष्ण हवेत मात्र बहुतेक उष्णता तिथूनच बाहेर पडत होती. रेवदंड्याच्या खाडीत भर दुपारी पाण्यात निश्चल उभा असलेला राखी बगळा मासा हेरत असतोच, पण त्याच वेळी बहुधा पायांवाटे अंगही निववत असतो. टुंड्रावर ऊब राखणारा सँडरलिंगचा पायही आक्षीला तिचा निचरा करतो, आणि त्यासाठी एकही नवा अवयव लागत नाही.

या रचनेला धोका आहे तो किनाऱ्यावर पडलेल्या नायलॉनच्या दोऱ्याचा. जाळ्याचा तुटका धागा घोट्याजवळ गुरफटला की आधी दबतात त्या नीला, कारण त्यांच्या भिंती पातळ आणि आतला दाब कमी. रोहिणीतून रक्त उतरत राहतं, पण परतीची वाट बंद. धाग्याखालचा भाग सुजतो. धागा आणखी आवळला की रोहिणीही बंद होते, बोटं काळी पडून वाळतात आणि शेवटी झडतात. अंतरावरून हे ओळखायला थोडा सराव लागतो, कारण धडधाकट सँडरलिंगही ऊब राखण्यासाठी एक पाय पोटाच्या पिसांत ओढून उभा राहतो, आणि कुणी जवळ गेलं तरी तो खाली न टेकता एकाच पायावर उड्या मारत दूर सरकतो. दुर्बिणीतून थोडा वेळ पाहत राहावं. मोठी लाट अंगावर आली की धडधाकट पक्षी दुसरा पाय टेकून पळतो. जखमी पक्षी तेव्हाही एकाच पायावर उडी घेतो किंवा सरळ उडून जातो, आणि उडताना त्याचा सुजलेला पाय खाली लोंबलेला दिसतो.