भिंत, खडी आणि पाऊस

खालापूर तालुक्यातलं खोपोलीचं वीजघर १९१५ सालचं, कर्जत तालुक्यातलं भिवपुरीचं १९२२ चं. घाटावरून उतरलेल्या पाण्याची वीज इथून मुंबईला जाऊ लागली, तेव्हापासून हा पट्टा मोठ्या ट्रान्सफॉर्मरांच्या सोबतीनं राहतो आहे. जाळीच्या कुंपणापलीकडे करड्या टाक्या, चिनीमातीची उंच बुशिंगं आणि मध्ये ओकीबोकी काँक्रीटची भिंत एवढंच आपल्याला दिसतं. मला मात्र ही मांडणी नीट वाचावीशी वाटते, कारण तिच्यातल्या प्रत्येक मापामागे आगीचा स्वभाव कुणीतरी नेमका ओळखलेला आहे.

सुरुवात तेलापासून करू. मोठ्या ट्रान्सफॉर्मरमध्ये हजारो लिटर खनिज तेल असतं. ते गुंडाळ्यांना विद्युतरोधन देतं आणि थंडही ठेवतं. आत ठिणगी पडली की तेलाचा क्षणात वायू होतो, दाबानं टाकी किंवा बुशिंग फुटतं आणि तापलेलं तेल हवेत येऊन पेटतं. टाकीच्या माथ्यावर कॉन्झर्व्हेटर नावाचं तेलाचं पिंप असतं. वाटेतली झडप मिटली नाही, तर त्यातलं तेल आपल्याच भारानं खाली येत राहतं आणि आगीला पुरवठा करतं.

आता भिंतीकडे पाहा. ती पेटलेल्या ट्रान्सफॉर्मरला वाचवत नाही. ती शेजारच्यासाठी असते. म्हणून ती कॉन्झर्व्हेटरच्याही वर जाते आणि दोन्ही बाजूंनी टाकीच्या पुढे येते. ज्वाळा वरून वाकतात, चिनीमातीचे तुकडे तिरपे उडतात, आणि नुसत्या धगीनंही शेजारची बुशिंगं तडकू शकतात. चार तास आगीला तोंड देईल अशी भिंत आपल्याकडचे नियम मागतात, कारण इतकं तेल जळून संपायला वेळ लागतो.

ट्रान्सफॉर्मरखालचा खडीचा खड्डा मला या रचनेतला सर्वांत देखणा भाग वाटतो. जळतं तेल दगडांच्या फटींतून खाली उतरतं, थंड होतं, हवा तुटते आणि ज्वाळा वरच राहून विझत जाते. पुढे नळातून तेल दूरच्या टाकीत जातं. कर्जत-खालापूरच्या पावसात मात्र या रचनेची खरी परीक्षा होते. समजा खड्डा १२ मीटर लांब, १० मीटर रुंद आहे आणि एका दिवसात २०० मिलिमीटर पाऊस झाला, जो इथल्या आषाढात अशक्य नाही. पाणी काढलं गेलं नाही तर खड्ड्यात २४,००० लिटर पाणी साठलं. खडीत मोकळी जागा साधारण चाळीस टक्के, म्हणजे पाण्याची पातळी अर्धा मीटर चढली. खड्डा तेवढाच खोल असेल, तर आता टाकी फुटल्यावर तेलाला जागाच नाही. तेल पाण्यावर तरंगतं, काठावरून वाहतं आणि जळतच बाहेर पडतं. खडीत गाळ आणि पाला भरला असेल तर हे आणखी लवकर होतं.

वरून येणाऱ्या पाण्याचंही गणित आहेच. ट्रान्सफॉर्मरभोवतीच्या नळ्यांवरच्या काचेच्या बल्बांपैकी एक जरी उष्णतेनं फुटला तरी नळीतला दाब पडतो, डेल्यूज व्हॉल्व्ह उघडतो आणि सगळ्या तोट्यांमधून एकदम जोराचा फवारा सुटतो. पृष्ठभागाच्या प्रत्येक चौरस मीटरला मिनिटाला सुमारे दहा लिटर पाणी लागतं. दीडशे चौरस मीटरच्या ट्रान्सफॉर्मरला हे मिनिटाला दीड हजार लिटर होतं, आणि अर्ध्या तासात ४५,००० लिटर. तेही खाली खड्ड्यातच येणार. म्हणजे खड्डा एकट्या तेलाच्या मापाचा असून भागत नाही.

लंडनजवळच्या नॉर्थ हाइड उपकेंद्राची आग इथे आठवते. २० मार्च २०२५ च्या रात्री तिथला ट्रान्सफॉर्मर पेटला आणि दुसऱ्या दिवशी हीथ्रो विमानतळ बंद राहिला. चौकशी अहवालानुसार बुशिंगमध्ये शिरलेली ओल हे सर्वांत संभाव्य कारण. तेलाच्या नमुन्यात वाढलेली आर्द्रता जुलै २०१८ मध्येच दिसली होती. तिथली पाण्याची फवारा यंत्रणाही आगीआधीपासून नादुरुस्त होती. कागदावर यंत्रणा आहे म्हणून पाणी येत नाही. तोटीत गंज साचतो, कुंभारमाशी मातीचं घर करते. म्हणून प्रत्यक्ष पाणी सोडून फवारा कुठे पोचतो ते पाहावंच लागतं.

कोकणाच्या तोंडाशी आणखी एक बारकावा जपावा लागतो. खड्ड्यातलं पावसाचं पाणी रोज काढायचं, पण तेल बाहेर जाऊ द्यायचं नाही. त्यासाठी बाहेर जाणारा नळ विभाजक टाकीच्या तळाजवळून घेतात: वर तेल राहतं, खालचं पाणी निघतं. पाणी लवकर जावं म्हणून कुणी नाल्याकडची झडप सरळ उघडी टाकली, तर आगीच्या रात्री तेलाला खोपोलीत पाताळगंगेची आणि भिवपुरीत उल्हासची वाट मोकळी मिळते.