‘मला’, ‘माला’ आणि लांबलेला सूर

आता आपण गाण्याच्या त्या कागदाकडे येऊ, जो देवनागरी न वाचणाऱ्या गायकांच्या हाती दिला जातो. त्यावर नुसतं mala छापलेलं असतं. हे ‘मला’, ‘माला’, ‘मळा’ की ‘माळा’? malā, mālā, maḷā, māḷā असं लिहिलं की चारही वेगळे होतात. डोक्यावरची रेघ दीर्घ स्वराची, खालचं टिंब ‘ळ’चं. इथवर ठीक.

आमचा आक्षेप पुढे आहे. चालीत ‘म’ चार मात्रा धरला, की लिप्यंतर करणारे maaa-lā लिहून मोकळे होतात. मग गायक सरळ ‘माला’ गातो. ‘मला हवं’ म्हणायचं तिथे गळ्यात हार येतो! अ आणि आ यांतला फरक नुसता वेळेचा नाही, तोंड किती उघडतं त्याचाही आहे. अ कितीही ताणला तरी अच राहायला हवा. म्हणून अक्षरावरची रेघ शब्दापुरती ठेवावी आणि चालीचा ताण आडव्या रेघांनी वेगळा दाखवावा: ma – – – lā.

इ-ई, उ-ऊ यांचं मात्र तसं नाही. तिथे उच्चाराचा रंग जवळजवळ एकच, त्यामुळे संथ चालीत ‘दिन’ आणि ‘दीन’ कानाला सारखेच लागतात. din आणि dīn ही खूण तिथे गायकाला अर्थ कळावा म्हणून ठेवायची, सूर आखडता घ्यायला नव्हे.