‘आर्य’ शब्दाचा अर्थविपर्यास

‘आर्य’ या शब्दाचा विचार करताना एक गोष्ट प्रथम ध्यानात घ्यावयास हवी. स्वतःचा निर्देश करण्यासाठी या शब्दाचा उपयोग केल्याचा निश्चित पुरावा भारतीय आणि इराणी या दोनच शाखांत मिळतो. ऋग्वेदात ‘आर्य’, अवेस्तात ‘अइर्य’, तर नक्श-ए-रुस्तम येथील लेखात पहिला दारयवहु स्वतःस पारसीक व पारसीकपुत्र म्हणवून पुढे ‘अरिय’ म्हणवितो. ‘इराण’ हे नावही याच शब्दापासून झाले. मराठीतील ‘आजा’ हा शब्द संस्कृत ‘आर्यक’पासून प्राकृत ‘अज्जय’च्या द्वारे आला आहे, येथे शब्दाचा आदरार्थ तेवढा शिल्लक राहिला.

एकोणिसाव्या शतकात मात्र हे नाव संपूर्ण भाषाकुलास देण्यात आले. फ्रीड्रिख श्लेगेलने १८१९ मध्ये त्याचा संबंध ‘मान’ या अर्थाच्या जर्मन ‘एरं’ शब्दाशी जोडला. ही व्युत्पत्ती पुढे टिकली नाही. परंतु जर्मनांचे मूळ नावच ‘आर्य’ होते, हा समज तिने दृढ केला. गोबिनोच्या १८५३ ते १८५५ या काळातील ग्रंथाने त्याच नावाला वंशश्रेष्ठत्वाचा अर्थ दिला. माक्स म्युलरने १८८८ मध्ये निक्षून सांगितले की, ही संज्ञा केवळ भाषेला लागू पडते, कवटीला किंवा रक्ताला नव्हे. तथापि पूर्वीच्या लेखनात त्याने स्वतःच रक्तसंबंधाची परिभाषा वापरली होती, आणि तीच अधिक पसरली.

या गोंधळाची खरी कसोटी १९३३ च्या जर्मन कायद्यात लागली. ७ एप्रिलच्या कायद्याने ‘अनार्य’ वंशाच्या अधिकाऱ्यांस सेवेतून दूर केले. ‘अनार्य’ कोण, हे ठरविण्यासाठी ११ एप्रिलच्या नियमाने मातापिता किंवा आजाआजी यांपैकी एक जण अनार्य असणे पुरेसे मानले. आणि ते ज्यू धर्माचे असल्यास तसे गृहीत धरले. म्हणजे वंशाचा निर्णय शेवटी पूर्वजाच्या धर्मावरून होत असे! ज्यांची मातृभाषा जर्मन होती, तेही अनार्य ठरले. उलट रोमानी ही भाषा भारतीय आर्यशाखेतील. तिच्यातील ‘नाख’ आणि मराठी ‘नाक’ यांचे मूळ एकच. तरीही रोमा लोकांना त्याच राजवटीने छळले व ठार मारले. भाषेचा निकष लावला असता, तर निर्णय नेमके उलटे झाले असते.

भाषा शिकता येते, टाकता येते, परक्या समाजाकडून स्वीकारता येते. वंशपरंपरेचे तसे नसते. म्हणून भाषासाम्यावरून रक्तसाम्याचे अनुमान निघत नाही. आज भाषाकुलासाठी ‘भारत-युरोपीय’ ही संज्ञा रूढ आहे. ‘भारतीय आर्य’ ही संज्ञा एका शाखेपुरती राहिली आहे. ज्या विधानात ‘आर्य’च्या जागी ‘आर्यभाषा बोलणारा’ असे घातले असता अर्थ टिकत नाही, ते विधान भाषाशास्त्राचे नव्हे, असे खुशाल समजावे.