हॅश केला म्हणजे नंबर लपला?

सलूनच्या अपॉइंटमेंटच्या नोंदी डेटा म्हणून घेतल्या की पद्धतीच्या प्रकरणात एक वाक्य बरेचदा दिसतं: 'ग्राहकांचे मोबाईल नंबर एसएचए-२५६ वापरून हॅश केले, त्यामुळे माहिती निनावी आहे.' यातलं 'त्यामुळे' मला पटत नाही.

हॅशवरून नंबर उलटा काढता येत नाही, हे खरं. पण उलटा काढायची गरजच काय? आपला मोबाईल नंबर दहा आकडी, सुरुवात ६, ७, ८ किंवा ९ ने. म्हणजे जास्तीत जास्त ४०० कोटी शक्यता. त्या सगळ्यांचे हॅश काढून फाइलशी जुळवायचे, बस्स. चांगल्या ग्राफिक्स कार्डाला ते मिनिटभराचंही काम नाही. पडताळून बघायचं असेल तर त्या सलूनच्या एखाद्या ग्राहकाला, अर्थात त्याच्या परवानगीने, स्वतःचा नंबर हॅश करून फाइलमध्ये शोधायला सांगा. लगेच सापडेल.

आणि शेजारच्या रकान्यात काय असतं? हेअर डायच्या पॅच टेस्टला खाज आली, टाळूवर चट्टे आहेत, असलं काहीबाही. ही आरोग्याचीच माहिती झाली.

त्यापेक्षा सलूननेच प्रत्येक ग्राहकाला यादृच्छिक क्रमांक द्यावा आणि जुळणीची यादी स्वतःकडेच ठेवावी. गुप्त किल्ली घालून केलेला हॅशही चालतो; पण किल्ली डेटाच्याच फोल्डरमध्ये पडलेली असेल तर कुलूप लावून चावी दारालाच टांगल्यासारखं.

'आधी-नंतर'च्या फोटोंना मात्र यातलं काहीच लागू पडत नाही. चेहरा धूसर केला तरी मानेवरचा टॅटू ओळखीच्या माणसाला पुरतो.