झिलईखालचा रंग

बिदरला महमूद गवानने १४७२ साली मशिदीसह मदरसा उभारला. त्याच्या दर्शनी भागावरील चित्रित फरश्या आम्ही न्याहाळल्या. अशा फरशीवर आधी रंग रेखीत, वर पारदर्शक झिलई देऊन ती भाजीत. कोबाल्टचा निळा रंग भट्टीची आच सोसतो. ती अति झाली, तर मात्र तो झिलईत ओघळून रेषा पुसट होते. एरवी चित्र काचेखाली सुरक्षित राहते. एकेका फरशीवर नक्षीचा अंशच असतो. कडा जुळल्या तरच भिंत अखंड भासते. १६९६ च्या दारूगोळ्याच्या स्फोटात इमारतीचा मोठा भाग ढासळला. उरलेल्या भिंतींवरूनही फरश्या गळाल्या आहेत. टिकलेल्यांचा निळा मात्र ताजा आहे. उणीव रंगाची नव्हे, भिंतीशी असलेल्या सांध्याची. जीर्णोद्धारकाने प्रथम तोच सांभाळावा, असे आम्हांस वाटते.